व्हायवा झाला, आता मुलाखतींच्या रेकॉर्डिंगचं काय करायचं?

प्रश्न: नागपूर जिल्ह्यातल्या सिकलसेलग्रस्त मुलांच्या आयांवर माझी पीएचडी झाली. 22 जणींच्या मुलाखती मोबाइलवर रेकॉर्ड केल्या आणि 186 घरी जाऊन गुगल फॉर्म भरून घेतला. संमतीपत्रात "तुमची माहिती निनावी व गोपनीय राहील, अभ्यास संपल्यावर रेकॉर्डिंग नष्ट केलं जाईल" असं लिहिलंय. आता व्हायवा झाला. गाईड म्हणतात सगळं पाच वर्षं ठेव, मैत्रीण म्हणते आजच डिलीट कर. नावं तर मी काढलीच आहेत, म्हणजे डेटा निनावी झालाच ना? नेमकं काय करू?

उत्तर:

नाही, नावं काढली म्हणून डेटा निनावी होत नाही. आज घाईनं काही डिलीटही करू नका. तुमचे गाईड आणि तुमची मैत्रीण दोघंही थोडेथोडे बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या फायलींबद्दल.

कोणतं उत्तर कोणाचं हे तुम्हालासुद्धा कधीच सांगता येणार नसेल, तर माहिती निनावी. तुम्हाला ते माहीत आहे, पण तुम्ही ते बाहेर जाऊ न देण्याचा शब्द दिला आहे, तर ती गोपनीय. समोर बसून घेतलेली मुलाखत पहिल्या प्रकारात बसूच शकत नाही. तुम्ही त्या बाईंचं घर पाहिलंय, त्यांचा आवाज तुमच्याकडे आहे. आवाज ऐकून सख्खी जाऊ दोन वाक्यांत ओळखेल, पिच बदललं तरी बोलण्याची ढब आणि सांगितलेली हकिकत तशीच राहते. म्हणजे तुमच्या 22 मुलाखती पहिल्या दिवसापासून गोपनीय होत्या आणि रेकॉर्डिंग आहे तोवर गोपनीयच राहतील. संमतीपत्रात दोन्ही शब्द जोडीनं टाकायची आपल्याकडे सवय पडली आहे. त्यातला एक शब्द तुम्हाला पाळता येण्यासारखाच नव्हता, म्हणून दुसरा फार काटेकोर पाळावा लागेल.

तुमच्या विषयात तर जास्तच. मूल एसएस असेल, म्हणजे त्याच्यात सिकलच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असतील, तर आई आणि बाप दोघांकडेही सिकलचं जनुक आहे, हे आपोआप सिद्ध होतं. आईची ओळख पटली की नवऱ्याबद्दलही कळलं, आणि तिच्या बहिणी वाहक असू शकतात हेही कळलं. त्यांच्यापैकी कोणीच तुमच्या संमतीपत्रावर सही केलेली नाही. उद्या लग्न मोडेल ते कदाचित मुलाखत दिलेल्या बाईंच्या घरातलं नसेल, त्यांच्या भाचीचं असेल.

सर्वेक्षण तरी निनावी आहे का, हे बघू. फॉर्ममध्ये नाव विचारलं नाही, ईमेल घेतला नाही, हे ठीक. पण फॉर्मला जोडलेल्या शीटमध्ये पहिला रकाना वेळेचा असतो. तुम्ही घरोघरी जाऊन स्वतः फॉर्म भरला, म्हणजे 11 वाजून 20 मिनिटांची नोंद कोणत्या घरातली, हे तुमच्या फील्ड डायरीतल्या त्या दिवसाच्या पानावरून कळतं. डायरी नसेल तरी प्रवासभत्त्याच्या बिलात तारीख आणि गाव असतं. काहींना मानधन यूपीआयनं दिलं असेल तर बँकेकडे नाव, रक्कम आणि मिनिटासकट वेळ आहे, आणि ती नोंद तुम्हाला पुसता येत नाही. वेळेचा रकाना काढला तरी ओळी भेटीच्या क्रमानंच राहतात. म्हणून रकाना काढा आणि ओळींचा क्रमही विस्कटा. एका रिकाम्या रकान्यात `=RAND()` टाका, त्यावर संपूर्ण तक्ता सॉर्ट करा, मग तो रकाना पुसून टाका.

हे करताना एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गुगल शीटमधला रकाना डिलीट केला तरी तो त्या फाइलच्या `Version history` मध्ये शाबूत असतो, आणि अख्खी शीट डिलीट केली तरी मूळ उत्तरं फॉर्ममध्ये राहतातच. त्यामुळे जुनी शीट साफ करत बसू नका. डेटा सीएसव्ही म्हणून उतरवा, साफसफाई त्या नव्या फाइलवर करा आणि शेवटी फॉर्म व शीट दोन्ही काढा. ती ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये 30 दिवस पडून असतात, म्हणून ट्रॅशही रिकामा करा. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल केलं असेल तर त्याच्या पोटात मूळ डेटाची प्रत असते. सांख्यिकी बघणाऱ्याला फक्त पिव्होटची शीट पाठवली, तरी त्या आकड्यावर दोनदा क्लिक केल्यावर मागच्या ओळी उघडतात.

आता खरी परीक्षा. वेळ गेली, क्रम गेला, नाव नव्हतंच, तरी राहिलेल्या रकान्यांची जुळणी एखादीला उघडी पाडते का? समजा बी रकान्यात तालुका, सीमध्ये वय, डीमध्ये शिक्षण आणि ईमध्ये मुलाची स्थिती आहे. एफ2 मध्ये हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,C2,D:D,D2,E:E,E2)
```

प्रत्येक ओळीसमोर आकडा येईल, तितक्या बायका त्या चारही बाबतींत सारख्या आहेत. जिथे 1 आला तिथे त्या वर्णनाची तुमच्या यादीत ती एकटीच. रामटेक, वय 34, एमए, मुलगा एसएस एवढं वाचल्यावर त्या भागातल्या आशाताईंना घर सांगायला वेळ लागणार नाही. नेमकं वय आणि तालुका ठेवला की तुमच्या 186 ओळींत असे एक्के भरपूर निघतील. मग वयाचे दहा-दहा वर्षांचे गट करा, शिक्षण तीन पायऱ्यांत आणा, तालुके दोन-तीन जुडग्यांत बांधा (रामटेक, पारशिवनी, मौदा एकत्र, काटोल, नरखेड, कळमेश्वर एकत्र) आणि पुन्हा मोजा. कोणत्याही ओळीसमोर 5 पेक्षा कमी आकडा राहू नये, असं मी धरतो. तरीही राहिलाच तर त्या ओळीतला एखादा रकाना रिकामा करा.

या मोजणीला एक मर्यादा आहे. समजा एका गटात सहा जणी आहेत आणि "लग्नाआधी आजार लपवला का" याला सहाही जणींचं उत्तर "हो" आहे. कोणती ओळ कोणाची हे कळलं नाही तरी सहाही जणींचं गुपित कळलंच. म्हणून नाजूक प्रश्नांसाठी प्रत्येक गटात उत्तरांची सरमिसळ आहे की नाही, हे डोळ्यांनी बघून घ्या.

मुलाखतींच्या लिखित प्रतींत हे सूत्र चालत नाही, तिथे ओळनओळ वाचावी लागते. एक वाक्य घेऊ. तुमच्या विषयात ऐकू येतं तसं मी रचलेलं आहे, कोणाचं खरं नाही:

"माह्या मोठ्या पोरीले कळमेश्वरच्या पाहुण्यानं पाह्यलं, पसंतबी केलं. मंग कोणी तरी सांगून देल्लं का हिले सिकल आहे. तिचा मावसा तिथंच शाळेत हेडमास्तर आहे, त्यानंच सांगतलं असन."

यात नाव एकही नाही, म्हणून पुष्कळ जण या वाक्याला हातच लावत नाहीत. पण कळमेश्वर, मोठी मुलगी, मोडलेली सोयरीक आणि हेडमास्तर मावसा, एवढ्यावर घर सापडतं. शिवाय त्या मावशाच्या माथी एक आरोप तुमच्या प्रबंधातून कायमचा बसतो. दुसरं टोक म्हणजे सगळं पुसून "एका नातेवाइकानं माहिती दिली" असं लिहिणं. मग बाईंचं बोलणंच गेलं. मी असं ठेवीन:

"माह्या मोठ्या पोरीले [दुसऱ्या तालुक्यातल्या] पाहुण्यानं पाह्यलं, पसंतबी केलं. मंग कोणी तरी सांगून देल्लं का हिले सिकल आहे. तिचा [एक जवळचा नातेवाईक] तिथंच [नोकरीले] आहे, त्यानंच सांगतलं असन."

बोली तशीच ठेवली, कारण असं बोलणारे जिल्हाभर आहेत. "मोठ्या" हा शब्द ठेवायचा की नाही, हे बाकीची मुलाखत बघून ठरवा. तीत पुढे धाकटीच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटची हकिकत असेल तर ते कुटुंब तेवढ्यावरूनच ओळखू येईल. अशा हकिकतीतला दवाखाना, साल आणि ज्या शहरात उपचार झाले ते, तिन्ही काढावं लागतं. चौकोनी कंस दिसू द्या, म्हणजे कुठे बदल झालाय ते वाचणाऱ्याला कळतं. काय काढून काय घातलं याची एक नोंदवही असते, तीही गुपितच. ती वर्डच्या `Track Changes` मध्ये चुकून शिल्लक राहू देऊ नका.

आता साठवण. पहिलं काम म्हणजे प्रती शोधणं, कारण रेकॉर्डिंग तुम्हाला वाटतं त्याहून जास्त ठिकाणी असतं. फोनच्या रेकॉर्डर ॲपचं फोल्डर, त्या ॲपचा क्लाउड सिंक, लॅपटॉपचं डाउनलोड फोल्डर, गाईडना दिलेला पेन ड्राइव्ह, स्वतःलाच केलेला ईमेल. आणि लिखित प्रत काढायला बर्डीवरच्या एखाद्या टायपिंग सेंटरला व्हॉट्सॲपवर ऑडिओ पाठवले असतील तर त्यांचा फोन, त्यांचा कॉम्प्युटर आणि दोघांच्या चॅटचा बॅकअप. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं सर्वांसाठी डिलीट करायची मुदत सुमारे अडीच दिवस असते, ती केव्हाच गेली. टायपिस्टकडे स्वतः जा, समोर डिलीट करून घ्या, रिसायकल बिन रिकामा करून घ्या आणि त्यांच्याकडून दोन ओळी लिहून सही घ्या. ही सगळी यादी एका कागदावर तारखेसह करा. हा कागद पुढे लागणार आहे.

मग राहणाऱ्या फायली एका जागी आणा. मी यासाठी `VeraCrypt` हे फायली पासवर्डनं कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर वापरतो. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. `Create Volume` मध्ये `Create an encrypted file container` निवडा, `AES` आणि `SHA-512` आहे तसं राहू द्या. आकार ठरवायला हिशोब सोपा आहे. 128 केबीपीएसचा एम4ए ऑडिओ मिनिटाला साधारण 1 एमबी घेतो, म्हणजे पाऊण तासाच्या 22 मुलाखती 1 जीबीच्या आसपास. डब्ल्यूएव्हीत रेकॉर्ड केलं असेल तर मोनोलाही मिनिटाला 5 एमबीच्या वर लागतात, तेव्हा 5 ते 6 जीबी धरा. थोडी जागा जास्त ठेवा. पासवर्ड 20 अक्षरांहून मोठा असू द्या, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडले तरी चालतील. तो विसरलात तर फाइल उघडून देणारं कोणीही नाही, म्हणून तो कागदावर लिहून सीलबंद पाकिटात विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवा. ज्या डिस्कवर फाइल आहे तिच्याजवळ पाकीट नको.

कंटेनर दोन करा, आणि हे मी आग्रहानं सांगतो. एकात रेकॉर्डिंग, साफ केलेल्या प्रती आणि सर्वेक्षण. दुसऱ्यात फक्त किल्ली, म्हणजे "पी07 कोण" हे सांगणारी यादी, फील्ड डायरीचे स्कॅन आणि ती बदलांची नोंदवही. पासवर्ड वेगळे, डिस्क वेगळ्या, शक्य असेल तर सांभाळणारी माणसंही वेगळी. पहिली डिस्क कोणाच्या हाती लागली आणि उघडलीही गेली तरी नावांची यादी मिळत नाही. संमतीपत्रांच्या कोपऱ्यात पेनानं "पी07" लिहिलं असेल तर तो गठ्ठा म्हणजे दुसरी किल्लीच, कपाटातली. तो तशाच कुलुपात ठेवा.

कंटेनर भरून बंद केला की त्याच्या दोन प्रती करा आणि प्रत नीट उतरली का ते तपासा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मूळ फाइलवर आणि प्रतीवर हेच चालवा:

```
certutil -hashfile mulakhati.hc SHA256
```

दोन्हीकडे अक्षरांची तीच लांब माळ आली तर प्रत अस्सल. ती माळ यादीच्या कागदावर उतरवून ठेवा. दर वर्षी एकदा पुन्हा चालवा. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं न लावता पडून राहिला तर त्यातला डेटा हळूहळू विरू शकतो, त्यामुळे एक प्रत हार्ड डिस्कवर असावी. आपल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ती ठेवू नका. तपासताना कंटेनर `Read-only` म्हणून उघडा, नाहीतर उघडण्यातच फाइल बदलते आणि माळ जुळत नाही.

आता तुमच्या पाच वर्षांचा वाद. आयसीएमआरच्या 2017 च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक सूचनांत नैतिकता समितीनं आपली कागदपत्रं अभ्यास संपल्यावर किमान 3 वर्षं, आणि औषध नियामकाच्या कक्षेतल्या चाचण्यांची 5 वर्षं ठेवावीत असं आहे. हे समितीच्या कागदांबद्दल आहे. त्यातून "आवाज पाच वर्षं ठेवायलाच हवा" असं निघत नाही. तुमच्यावर बंधन आहे ते मंजूर झालेल्या प्रोटोकॉलचं आणि संमतीपत्राचं. तुमच्या संमतीपत्रात रेकॉर्डिंग नष्ट करू असं लिहिलंय, लिखित प्रती आणि सर्वेक्षण नष्ट करू असं लिहिलेलं नाही. म्हणून रेकॉर्डिंगपुरती तुमची मैत्रीण बरोबर, साफ केलेल्या प्रती आणि सर्वेक्षणापुरते गाईड बरोबर. गाईडना आवाजही ठेवायचाच असेल तर नैतिकता समितीकडे रीतसर अर्ज करून 22 जणींची नव्यानं संमती घ्यावी लागेल. गुपचूप मुदत वाढवता येत नाही.

राहिला प्रश्न "अभ्यास संपल्यावर" म्हणजे कधी. व्हायवा, पदवीची अधिसूचना, शेवटचा लेख, यातलं काहीही म्हणता येतं. तुम्ही समितीला अभ्यास पूर्ण झाल्याचा अहवाल द्याल त्यातच रेकॉर्डिंग नष्ट करण्याची तारीख लिहा आणि मान्यता घ्या. अधिसूचनेनंतर तीन महिने पुरेसे आहेत. त्या तीन महिन्यांत प्रत्येक लिखित प्रत रेकॉर्डिंग लावून शेवटची पडताळा, कारण नंतर "बाई असं म्हणाल्या का" याचा पुरावा तीच प्रत असेल. किल्लीही तोवर ठेवा. एखादीला आपली मुलाखत काढून घ्यायची असेल तर तिची कोणती हे किल्लीशिवाय सापडणार नाही. किल्ली नष्ट करण्याआधी सगळ्यांना फोन करून सांगा की अमुक तारखेनंतर माघार घेता येणार नाही.

नष्ट करताना साधं डिलीट पुरत नाही. एसएसडी आणि पेन ड्राइव्हवर फाइलवर पुन्हापुन्हा लिहिलं तरी जुना मजकूर दुसऱ्या कप्प्यात राहू शकतो, कारण कुठे लिहायचं हे ती डिस्क स्वतः ठरवते. इथे कंटेनरचा फायदा दिसतो. त्यातला ऑडिओ कधी उघडा पडलेलाच नसेल तर फाइलच्या सगळ्या प्रती पुसून पासवर्डचं पाकीट फाडलं की मागे अर्थहीन अक्षरं उरतात. रेकॉर्डिंग काढायचं आणि प्रती ठेवायच्या म्हणून त्या वेळी प्रतींसाठी नवा कंटेनर नव्या पासवर्डनं करा आणि जुना संपूर्ण मोडा. फोनमध्ये आवाज उघडाच होता, तेव्हा आपल्या कामाचं बाजूला काढून फोन फॅक्टरी रीसेट करा. हल्लीच्या ॲन्ड्रॉइड फोनची अंतर्गत मेमरी एनक्रिप्टेड असते आणि रीसेटमध्ये तिची किल्ली जाते. मेमरी कार्डाचं तसं नसतं, ते तोडून टाका. डायरी आणि संमतीपत्रं यांची वेळ येईल तेव्हा ती श्रेडरमधून काढा, रद्दीवाल्याच्या तागडीत चुकूनही जाऊ देऊ नका. मग पहिल्या दिवशी केलेल्या यादीवर प्रत्येक प्रतीसमोर तारीख, पद्धत आणि एका साक्षीदाराची सही घ्या, झेरॉक्स समितीला द्या.

गोपनीयतेलाही कायद्याची हद्द असते, ती तुम्हाला माहीत असावी. वकिलाला अशिलाच्या बोलण्याबाबत कायदा जे संरक्षण देतो ते संशोधकाला नाही, न्यायालयानं मागितलं तर असलेला डेटा द्यावा लागतो. मुलाखतीत अल्पवयीन मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती आली असेल, त्यात अल्पवयातलं लग्नही येऊ शकतं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती कळवणं बंधनकारक आहे. असं काही तुमच्या 22 मध्ये असेल तर रेकॉर्डिंगला हात लावण्याआधी समितीच्या सदस्य-सचिवांना भेटा. ते प्रकरण वर सांगितलेल्या वेळापत्रकात बसत नाही.

पुढच्या अभ्यासाच्या संमतीपत्रासाठी मजकूर असा ठेवा: "तुमचं नाव संशोधकाला माहीत राहील, पण ते कोणालाही सांगितलं जाणार नाही, कायद्यानं भाग पाडलं तर वगळून. तुमचा आवाज अमुक तारखेपर्यंत नष्ट केला जाईल. नाव-गाव काढलेला लेखी मजकूर पाच वर्षं जपला जाईल. अमुक तारखेपर्यंत तुम्ही तुमची मुलाखत परत घेऊ शकता." तारखा आकड्यांत घाला आणि वाचून दाखवताना त्या मोठ्यानं वाचा.